विषय: वरिष्ठ सहकाऱ्याकडून लैंगिक छळ – लेखी तक्रार व चॅटच्या प्रती

मा. अध्यक्षा, अंतर्गत समिती यांस,

महोदया,

मी लेखा विभागात कनिष्ठ सहायक आहे. आमच्या विभागाचे वरिष्ठ व्यवस्थापक 4 मेपासून मला रात्री-अपरात्री व्हॉट्सॲपवर खासगी मेसेज पाठवत आहेत. आधी कपड्यांवर शेरे, मग "एकटी भेट, बढतीचं बघू". 19 मे रोजी मी स्पष्ट लिहिले, "सर, फक्त कामाचंच बोला." त्यानंतरही 11 मेसेज आले. 2 जूनला त्यांनी एक फोटो पाठवला आणि लगेच काढून टाकला. तिथे आता `This message was deleted` एवढेच दिसते. तो फोटो मी पाहिला आहे. नकारानंतर माझ्याकडचे काम काढून घेतले, हे मला सर्वांत जास्त लागले.

एक्सपोर्ट केलेली संपूर्ण चॅट, माझ्या उत्तरांसह, काहीही न गाळता सहा प्रतींत जोडली आहे. मूळ चॅट फोनमध्ये तशीच आहे. समितीने फोन तपासावा.

2013 च्या कायद्यानुसार चौकशी करावी. ती संपेपर्यंत माझे कामाचे मूल्यमापन त्यांच्याकडे नसावे आणि माझे नाव गोपनीय राहावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
तक्रारदार, कनिष्ठ सहायक, लेखा विभाग
10 जून