सूचना: सोमवार, २ मार्च २०२६ पासून पाण्याच्या वेळा बदलत आहेत

दिनांक: २६ फेब्रुवारी २०२६
प्रति: सर्व सभासद व भाडेकरू, ए आणि बी विंग

पाणीपुरवठा विभागाच्या नव्या वेळापत्रकाचा स्क्रीनशॉट मंगळवार रात्रीपासून आपल्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यावरून बरेच तर्क लढवले जात आहेत. समितीने कार्यालयात जाऊन मूळ पान पाहिले आणि शंका विचारून घेतल्या. त्यावरून आपल्या इमारतीपुरते जे ठरले, ते असे.

घरातल्या नळाला पाणी रोज सकाळी ६:०० ते ८:३० आणि संध्याकाळी ६:३० ते ८:०० या वेळेत येईल. बाहेरून पाणी आले असो वा नसो, घरातल्या वेळा रोज याच राहतील, म्हणजे नळ उघडण्याआधी कोणाला कॅलेंडर पाहावे लागणार नाही. सध्या वरच्या टाकीचे पाणी दिवसभर चालू असते, ते सोमवारपासून या दोन वेळांपुरतेच सोडले जाईल.

बाहेरचा पुरवठा:
रविवार १ मार्चपर्यंत: रोज सकाळी ६:०० ते ८:००
सोमवार २ मार्चपासून: फक्त विषम तारखांना, पहाटे ४:३० ते ७:००

स्क्रीनशॉट वाचताना दोन ठिकाणी गोंधळ होतो आहे. आपला भाग ३-ब आहे, ३-अ नव्हे. पाण्याच्या बिलावर वरच्या उजव्या कोपऱ्यात तो छापलेला असतो. ३-अ ची ओळ आपल्या लगेच वर आहे. "सम तारीख, १७:३० ते २०:००" ही त्यांची वेळ आहे, आणि ती संध्याकाळी साडेपाचची आहे, साडेसातची नाही. दुसरे म्हणजे, स्क्रीनशॉट खालून कापला गेल्यामुळे तळटीप त्यात आलेलीच नाही. मूळ पानावर ती आहे: दाबानुसार वेळ अर्धा तास पुढेमागे होऊ शकते. त्यामुळे पावणेपाचला पाइप कोरडा दिसला तर लगेच कोणाला फोन लावू नये, पाच वाजेपर्यंत वाट पाहावी.

आता सोमवारचे. वेळापत्रक २ तारखेला लागू होते, पण २ ही सम तारीख. म्हणजे त्या दिवशी बाहेरून पाणी येणार नाही. नव्या वेळेचे पहिले पाणी मंगळवारी ३ तारखेला पहाटे येईल. रविवारी सकाळी दोन्ही टाक्या काठोकाठ भरून ठेवण्यास वॉचमनला सांगितले आहे. रविवारी कपड्यांचा ढीग, गाडी धुणे, गॅलरी धुणे हे सगळे कृपया टाळावे. त्या पाण्यावर सोमवारचा पूर्ण दिवस काढायचा आहे.

३१ मार्च आणि १ एप्रिल या दोन्ही तारखा विषम असल्याने दोन्ही दिवस पाणी येईल; कार्यालयात हे विचारून घेतले आहे. त्याचा फायदा घेऊन ३१ तारखेला दुपारी खालची टाकी साफ करून घेऊ. त्या पहाटेचे पाणी थेट वरच्या टाकीत चढवले जाईल आणि खालची टाकी १ तारखेला भरेल.

हिशेबाचेही थोडे सांगतो, कारण "आता टँकर लागणारच" असे काहींनी लिहिले आहे. आपल्याकडे ४८ घरे आणि साधारण १९० माणसे आहेत. आपली लाइन नीट दाब असेल तर तासाला सुमारे १८,००० लिटर देते. अडीच तासांचे ४५,००० लिटर झाले आणि ते दोन दिवस पुरवायचे आहे. माणशी रोज ११८ लिटर येतात. पाणीपुरवठ्याच्या आखणीत माणशी १३५ लिटर धरतात. फरक १७ लिटरचा, म्हणजे माणशी एक बादली. तेवढी बादली प्रत्येकाने वाचवली तर टँकर लागणार नाही, असे समितीचे मत आहे. दोन वेळा पाणी कमी पडले तर मात्र टँकरचा निर्णय घेऊ.

ही बादली बहुतेक घरांत फ्लशमधूनच जात असते. गळणारा फ्लश आवाज करत नाही, म्हणून लक्षात येत नाही. रात्री झोपताना फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश वापरू नका. भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलेला आहे. ज्यांना दुरुस्ती हवी आहे त्यांनी वॉचमनच्या केबिनमधल्या वहीत फ्लॅट नंबर लिहावा. शनिवारी २८ तारखेला प्लंबर येणार आहे. वॉशर बदलण्याचा खर्च समिती करेल, नवीन नळ हवा असल्यास तो ज्याचा त्याने आणावा.

तळमजला आणि पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघरात थेट लाइनचा नळ आहे. त्यांना विषम तारखेला पहाटेच पाणी मिळेल. दोन दिवस रिकाम्या राहिलेल्या पाइपमधून पहिली काही मिनिटे गढूळ पाणी येऊ शकते. ते प्यायला भरू नये, बादलीत काढून फरशी पुसायला वापरावे. थेट लाइनला कोणीही मोटर लावू नये. पाइप रिकामा असताना मोटर ओढते तेव्हा गळक्या सांध्यांतून बाहेरचे घाण पाणी आत शिरते आणि ते सगळ्यांच्या घरी जाते. मोटर आढळली तर त्या घराचा थेट नळ बंद केला जाईल, यात सवलत नाही.

पाणी नसताना उघडा राहिलेला नळ हा सगळ्यात मोठा धोका. दुपारी नळ उघडून पाहिला, पाणी नाही म्हणून तसाच सोडून माणूस बाहेर गेला, की संध्याकाळी साडेसहाला खालच्या घराच्या छतातून पाणी ठिबकते. घराबाहेर पडताना सगळे नळ फिरवून पाहावेत. घर दोन दिवस बंद राहणार असेल तर मुख्य कॉक बंद करावा. पाण्याच्या वेळेबाहेर गिझर लावू नये. वॉशिंग मशीन सकाळी सहाच्या सुमारास लावावे, साडेआठनंतर लावले तर ते मध्येच पाण्यासाठी थांबून राहते.

ड्रम, पिंप भरून ठेवणार असाल तर झाकण घट्ट हवे आणि आठवड्यातून एकदा ते पूर्ण रिकामे करून घासून कोरडे करावे. डासाची अंडी काठाला चिकटून राहतात, नुसते पाणी बदलून ती जात नाहीत. गॅलरीत मोठे पिंप ठेवू नये, भरलेल्या २०० लिटरच्या पिंपाचे वजन २०० किलोच्या वर जाते.

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ सभासदांना सहा वाजता पाणी भरणे जमत नसेल तर शेजाऱ्यांनी विचारपूस करावी. त्यांनी संकोच न करता केबिनमधल्या वहीत नाव लिहावे, वॉचमन दोन बादल्या भरून दारात ठेवेल.

वेळापत्रकावर शेवटची तारीख दिलेली नाही. पुढील सूचना मिळेपर्यंत हीच व्यवस्था चालू राहील. बदल झाल्यास तो फलकावर आणि ग्रुपवर समितीकडूनच कळवला जाईल, बाहेरून आलेला कोणताही स्क्रीनशॉट त्याआधी खरा धरू नये. शंका असल्यास सोसायटी कार्यालयात रोज संध्याकाळी ८ ते ९ या वेळेत भेटावे.

सचिव
व्यवस्थापन समितीच्या वतीने

ता. क. ही सूचना दोन्ही विंगच्या लिफ्टजवळ लावली आहे. भाडेकरूंच्या घरमालकांनी ती आपल्या भाडेकरूंना वेगळी पाठवावी, सगळे ग्रुपवर नाहीत.