वैजू आणि शरूला दिवाळीच्या शुभेच्छा

निपाणी,
वसुबारस

प्रिय वैजू,

तुला आणि शरूला दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा! दादा उद्या बेळगावला येतोय, त्याच्याच हाती हे पत्र आणि डबा देतेय. वरच्या कप्प्यात पातळ पोह्यांचा चिवडा, मधल्यात शंकरपाळी, तळाला बेसनाचे लाडू. चकल्या वेगळ्या पिशवीत आहेत आणि मुद्दाम जास्त घातल्यात. कारण तुला माहीत आहे. गेल्या दिवाळीत शरूनं माझ्या कानात सांगितलं होतं, "मावशी, आईच्या चकल्या उद्यमबागेत न्यायच्या, हार्डनेस टेस्टिंगला." आरपीडीत असताना तू डब्यात आणायचीस त्या चकल्या आणि या चकल्या यांत काडीचा फरक पडलेला नाही. इतकं सातत्य माझ्या ओळखीत दुसऱ्या कुणाकडं नाही.

शुभेच्छा फोनवरही देता आल्या असत्या. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. जरा कौतुक करायला लागलं की "बरं ते जाऊ दे, सोहमचा खोकला कसा आहे?" म्हणतेस आणि विषय संपतो. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून यंदा लिहायलाच बसले.

सगळ्यात आधी अभिनंदन. लाइनवरचे नवे पोरगे आता तुझ्या हाताखाली शिकतात हे मला तुझ्याकडून नाही, शरूकडून कळलं. "आता आई सही केल्याशिवाय जॉब पुढं जात नाही," असं तिनं सांगितलं, आणि सांगताना आवाज असा होता की जणू सही हीच करते. अगं, पगाराचा आकडा विचारत नाही, पण पेढे कुठं आहेत? पेढे नसले तर कुंदा चालेल. निपाणीत सगळं मिळतं, तसला कुंदा मिळत नाही.

खरं सांगायचं तर हे पत्र गेल्या वर्षीच्या किल्ल्यावरून सुचलं. तुमच्या अंगणातला तो राजहंसगड मी विसरलेले नाही. गल्लीतल्या सगळ्या पोरांचे रायगड नाहीतर प्रतापगड, आणि शरूचा आपल्या येळ्ळूरचा. का, तर "जो बघून येता येतो तोच करायचा." हे वाक्य तिचं असलं तरी घडण तुझी आहे. पोरगीनं विचारलं, वर विहीर कुठल्या बाजूला आहे? तू म्हणालीस, मला माहीत नाही, चल बघूया. आणि रविवारी सकाळी स्कूटीवरून दोघी येळ्ळूरला. शरूच्या वहीत तटाची वेडीवाकडी रेघ, सिद्धेश्वराचं देऊळ, विहीर, आणि कोपऱ्यात "इथं आम्ही शेंगा खाल्ल्या" अशी नोंद. मला ती शेंगांची नोंद फार आवडली.

सोहमनं मला असं काही विचारलं की मी मोबाइल काढते. किंवा ठोकून देते काहीतरी. "माहीत नाही, बघूया" हे मी तुझ्याकडून उचललं, आणि आता आमच्या घरात ते इतकं चालतं की हेसुद्धा ऑफिसमधून आल्यावर तेच म्हणतात. भाजी काय करायची विचारलं तरी.

किल्ला बांधतानाचं बोलायचं राहिलंच. मी अंगणात पाय ठेवला तेव्हा तुम्ही दोघी कोपरापर्यंत लाल मातीत. विटा आणि दगड रचून वर गोणपाट पसरलेलं, त्यावर चिखलाचा थर, आणि पुढचा बुरूज सारखा ढासळत होता. मी पटकन पुढं होऊन हात लावणार, तेवढ्यात तू माझं मनगट धरलंस. एक शब्द बोलली नाहीस. शरूनं बुरूज पुन्हा लिंपला, तो पुन्हा बसला. मग ती स्वतःच थांबली, चिखल बोटांत चोळून बघितला आणि म्हणाली, "पाणी जास्त झालंय." थोडी कोरडी माती आणि बारीक चिरलेलं गवत घातलं, आणि बुरूज उभा राहिला. मग तुझ्याकडं वळून तिनं काय विचारलं आठवतंय? "आई, व्हर्नियर आणलायस काय? दोन्ही बुरूज सारखे पायजेत."

तू कामावर ०.०२ मिलिमीटर बघतेस, आणि घरी बुरूज तीनदा कोसळताना हात मागं ठेवून उभी राहतेस. वैजू, ही दुसरी गोष्ट मला जास्त अवघड वाटते. मी असते तर पहिल्याच वेळी बुरूज बांधून दिला असता आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली असती.

आणि तुमची ती खर्चाची वही! दिवाळीला घरात किती पैसे आहेत ते शरूला सरळ सांगायचं, तेल, डाळ, कपडे, पणत्या सगळं तिच्याच अक्षरात लिहायचं, आणि उरलेल्यातलं तिनं ठरवायचं. गणपत गल्लीत खांद्याला खांदा घासत असताना ती मातीच्या मावळ्यांच्या पाटीपुढं उभी राहून कशी हिशोब करत होती! फटाक्यांचे पैसे कापून तिनं दोन मावळे आणि एक तोफ घेतली. विकणाऱ्या बाईंशी दराची घासाघीस कन्नडमधून, आणि माझ्याकडं वळून मराठीतून, "मावशी, अजून दहा रुपये सोडतील, तू चेहरा पाड." मी पाडला. सोडले त्यांनी.

ही वही मी घरी सुरू करून बघितली. सोहमनं पहिल्याच दिवशी सगळ्या शिल्लकीचे भुईनळे आणले आणि लक्ष्मीपूजनाच्या आतच संपवले. यंदा परत देणार आहे. तुझी पोरगी एका वर्षात तयार झाली असेल असं काही मला वाटत नाही, म्हणून आशा आहे.

पाडव्याचं तर मी आमच्याकडं सगळ्यांना सांगते. सकाळी अंगणात शेणाचे पांडव मांडून झाले की तुम्ही दोघी एकमेकींना ओवाळता, आणि मग ताटात कुणी किती घातले यावरून तुमची जी वादावादी चालते ती ऐकायला शेजारच्या काकू मुद्दाम दारात येऊन उभ्या राहतात. शरूनं गेल्या वेळी ताटात एक रुपया आणि "बाकी पुढच्या महिन्यात" अशी चिठ्ठी टाकली होती ना? मी ती गोष्ट आमच्या सासूबाईंना सांगितली. त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "त्या घरात एकदा दिवाळीला जायला पायजे." आमच्या सासूबाई असं कुणाच्याही घराबद्दल म्हणत नाहीत, माझ्या माहेराबद्दल तर नाहीच.

तुमच्याकडं आलं की मी नेहमी ठरवलेल्यापेक्षा उशिरा निघते. हे म्हणतात, दोघी मैत्रिणी बोलत बसता. तेवढंच नाही. तुमच्या घरात दोघींना एकमेकींशी बोलायला आवडतं. स्वयंपाकघराच्या दारात बसून ती पाढे म्हणता म्हणता मध्येच कंपनीतलं काही विचारते आणि तू पोळी उलटता उलटता तिला ब्लो होल म्हणजे काय ते समजावतेस. तिला किती कळतं देव जाणे. पण तू तिच्याशी बोलताना आवाज बारीक करत नाहीस, शब्द सोपे करून लहान मुलासारखी बोलत नाहीस. म्हणून ती कुणाहीपुढं ताठ मानेनं बोलते. कॉलेजात असताना सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी हुज्जत घालणारी तू मला तिच्यात दिसतेस. बिचारे पुढच्या काळातले कंडक्टर.

यंदा महिपाळगड करायलाय असं फोनवर ऐकलं. निवड झकास आहे. पायथ्याला देवरवाडीचा वैजनाथ, म्हणजे आईच्या नावाचा देव, हे कारण तिनं मला अगदी पटवून दिलं. दुसरं कारण त्याहून भारी: या गडावर अजून गाव आहे, माणसं राहतात, म्हणून मावळ्यांबरोबर घरं, गुरं आणि एस.टी.चा थांबाही करणार. तटाखाली एस.टी. आणि तटावर भालदार! गल्लीतली पोरं हसतील बघ. हसू देत. शिनोळीच्या पुढं जाऊन बघून आलात की अजून जायचंय? जायचं असेल तर लक्ष्मीपूजनाच्या आधी उरका, नंतर सगळीकडं गर्दी आणि पाहुणे.

मी भाऊबीजेला माहेरी वडगावला येतेय. दुपारचं जेवण दादाकडं, आणि चारच्या सुमाराला सोहमला घेऊन तुमच्याकडं. त्याला किल्ला बघायचाय म्हणतो, पण खरं तर शरूकडून तोफेत टिकली भरायची युक्ती शिकायचीय. स्वयंपाक करू नकोस, मी येताना काहीतरी आणते. टिळकवाडीतल्या रेल्वे गेटात अडकले तर उशीर होईल, चहा तेवढा उशिरा टाक.

नव्या वर्षात तुझ्या हाताखालच्या पोरांचं रिजेक्शन कमी होवो, स्कूटीचं सर्व्हिसिंग तू एकदाचं करून घेवोस, सुट्टी मिळून तुम्ही दोघी ठरवल्याप्रमाणं गोव्याच्या समुद्रात पाय बुडवून येवोत. नरक चतुर्दशीला पहाटे उटणं लाव, कारीट जोरात फोड, आणि शरूच्या आधी उठून दाखव. ते तुला अजून एकदाही जमलेलं नाही म्हणे.

घरातल्या सगळ्यांकडून तुम्हा दोघींना शुभ दीपावली!

तुझी,
नंदा

ता. क. हे शरूसाठी, तू वाचू नकोस.
शरू, लाडवांच्या खाली कागदात गुंडाळलेली एक छोटी एस.टी. आहे. लाल रंग सोहमनं दिलाय, जरा बाहेर गेलाय, चालवून घे. पाटीवर "बेळगाव - महिपाळगड" मी लिहिलंय. आईनं माप घेतलं आणि गडापेक्षा गाडी मोठी झाली म्हणाली, तर सांग, मावशीकडं व्हर्नियर नव्हता.