सात जणांची भिशी

भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर निदान मिटवता आलं असतं.

२०१६ला इंजिनिअरिंग संपलं. तो दुष्काळाचा उन्हाळा होता. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी यायला लागलं आणि होस्टेलवरच्या लातूरकराचं नाव पडलं 'जलदूत'. एकत्र राहायचं म्हणून सात जणांनी जुलैत भिशी काढली. महिना हजार, उचल सात हजारांची, सात महिन्यांत फेरी पूर्ण. पैसे रोख द्यायचे. पहिल्या रविवारी सगळे औरंगाबादला क्रांती चौकात जमायचे, चिठ्ठी निघायची आणि ज्याचं नाव निघेल त्याने चहा-भजी पाजायची. वाळूजला नोकरीला असलेले दोघे पहिली पाळी उरकून यायचे, परभणीकर आदल्या रात्रीच मुक्कामाला. "यायलास ना रे?" असा शनिवारी फोन असायचाच.

दुसऱ्या फेरीत तिघे पुण्याला गेले. त्यांना हजारासाठी ट्रॅव्हल्सचं भाडं भरायला लावणं बरं दिसेना, म्हणून पैसे मोबाइलवरून घ्यायचं ठरलं. सोय सगळ्यांचीच झाली. चिठ्ठीचा फोटो ग्रुपवर यायचा, खाली अभिनंदन. हिशेब शेवटपर्यंत चोख राहिला, एकही हप्ता बुडाला नाही. भजी तेवढी राहिली.

पुणेकरांनी शनिवारच्या बेतांसाठी वेगळा ग्रुप केला. तोही विचारानेच, कारण परभणीत बसलेल्याला "कोथरूडला ये" असे मेसेज कशाला दाखवायचे? मग गमतीजमती तिकडे होऊ लागल्या आणि जुन्या ग्रुपवर वाढदिवस, नोकरीच्या जाहिराती आणि कुणाचे आजोबा गेल्याचं उरलं. २०१८च्या मार्चमध्ये तिसरी फेरी संपली. चौथीबद्दल सगळ्यांनी लिहिलं, "मी कधीही तयार." चिठ्ठ्या कुणी टाकायच्या हे मात्र कुणीच विचारलं नाही.

लग्नांचंही तसंच. पहिल्याला सहाही जण हळदीपासून हजर. चौथं लग्न लॉकडाऊनमध्ये पन्नास माणसांत झालं, कुणाला बोलावणार? पाचव्याची पत्रिका पीडीएफ होऊन आली. वर "सर्वांनी यायचंच" होतं, पण फोन नव्हता. त्यात जालन्याच्या मित्राचं मळणीयंत्र नेमकं त्याच दिवशी मिळालं. सोयाबीन भिजवून वरातीला जा असं त्याला कोण म्हणेल?

लातूरकराच्या मुलीच्या बारशाला दोघे पोचले. तिथे त्याला सगळे 'सर' म्हणत होते. सासरच्या माणसांत 'जलदूत' अशी हाक कशी मारायची, म्हणून दोघांनीही त्याला नावानेच बोलावलं. तोही त्यांना "जेवून जा हं" म्हणाला. पूर्वी ताटातलं उचलून खाणाऱ्यांना आग्रह व्हायला लागला, हे त्या दोघांना परतीच्या बसमध्ये जाणवलं असावं. बोलले मात्र पगाराबद्दल.

यंदा दिवाळीत भेटायचं म्हणून ग्रुपवर तारखांचं मतदान टाकलं होतं. चौघांनी मत दिलं, चार वेगळ्या तारखांना. परभणीकराने लिहिलं, "तुमचं ठरलं की कळवा, मी येतोच." त्यावर तीन अंगठे आले.