डावीकडचं पान

डिसेंबरात आमच्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी असतात. दारव्हा तालुक्यातली शाळा, कापूस वेचणीचे दिवस, पोरं मायसोबत वावरात. त्यातच नववीला निबंध दिला होता, शेतकऱ्याचे मनोगत. गाईडमध्ये तो तयारच मिळतो, 'होय, मी शेतकरी बोलतोय' असा सुरू होणारा, आणि दरवर्षी त्याच्याच कॉप्या येतात, मी सही करतो, दहापैकी पाच-सहा देतो, संपलं.

पायलची वही सगळ्यात खाली होती. वाचली आणि पेन खालीच ठेवला.

'पहिल्या वेचणीच्या दिवशी आई सीतादही करते. काळ्या मातीवर दहीभात ठेवताना ती काही मागत नाही, वर्षभर आम्हाला जेवू घालणाऱ्या शेताला ती त्या दिवशी स्वतः वाढते.' पुढे बाप. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा झाली, तेव्हा तोही दवाखान्यात होता. 'बाबा घरी आले, पण त्यांची नजर पूर्वीसारखी परतली नाही. आता ते बोंड डोळ्यांनी नाही, बोटांनी ओळखतात.'

एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही. आणि ही तीच पोरगी जिच्या तोंडून दोन वर्षांत 'हजर जी' सोडून मी काही ऐकलं नव्हतं, आठवीच्या वह्यांत जिचं पाणी कायम 'पानी' असायचं.

स्टाफरूममध्ये दाखवलं तर एक सर म्हणाले, "मोबाईलवरून उतरवलं असन, झिरो द्या अन् मायले बोलवा." मला ते पटलंही आणि नाहीही. चोरलेलं असेल तर बोलणं माझं कामच आहे, पण नसेल तर? एकदा चोर म्हटलेलं पोर शाळेत परत येतं का, आणि आलं तरी परत लिहितं का? आणि माय वेचणीला जाते, किलोवर मजुरी, तिला शाळेत बोलावलं म्हणजे तेवढा दिवस गेलाच.

वही घरी आणली. रात्री परत वाचताना दिसलं की 'शेताला'च्या जागी कागद पातळ झालाय, ब्लेडनं खरवडलेला. पान बल्बसमोर धरलं, खालचा शब्द अजून दिसत होता. वावराले.

झोप काही नीट आली नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला व्हरांड्यात थांबवलं, खालच्या वर्गांची पोरं खिचडीच्या रांगेत होती. म्हटलं, "पायल, हे कुठून लिहिलंस?" आवाज जरा कडकच निघाला, मला नको होता तसा. तिनं खाली बघितलं, काही बोललीच नाही. मग दप्तरातून एक रफ वही काढून दिली, तिच्या बोटांना बोंडाच्या काट्यांचे ओरखडे होते, वही देताना दिसले.

डाव्या पानावर निबंध होता, आपल्या बोलीत. उजव्या पानावर तोच, पुस्तकी भाषेत. आणि मागच्या चार पानांवर जोड्या, रेघ मारून नीट मांडलेल्या, पानी–पाणी, मले–मला, काऊन–का, वावर–शेत, पऱ्हाटी–कपाशी. प्रत्येक जोडीपुढं तारीख.

"या तारखा कशाच्या?"

"तुमी दुरुस्त केलं न जी, त्या दिवसाच्या. आठवीपासूनच्या हायेत."

पहिली तारीख जूनमधली. तो दिवस मला आठवला. ती उभं राहून काहीतरी सांगत होती, 'मले' म्हणाली, मागच्या बाकावरची पोरं हसली, आणि मी त्यांना गप्प करायचं सोडून तिचा शब्द दुरुस्त केला. माझी स्वतःची माय फोनवर अजून 'मले'च म्हणते, डी.एड.ला गेलो तेव्हा मी तो माझ्या तोंडातून काढला, आणि नोकरी लागल्यापासून पोरांच्या तोंडातून काढत होतो. त्या दिवसानंतरच ती बोलायची बंद झाली होती की आधीपासूनच गप्प होती, हे आठवायचा खूप प्रयत्न केला, पण तेव्हा मी तिच्याकडं तेवढं बघितलंच नव्हतं.

"सर, खोडलं थे दिसते काय? मार्क कटतीन?"

"नाही कटणार."

ती वही परत घ्यायला लागली, मी सोडली नाही. उजवं पान झाकलं आणि डावं तिच्यासमोर धरलं.

"हे वाचून दाखव."

"हे तं आपलं घरचं हाय जी."

"तेच वाच."

तिनं एकदा खिचडीच्या रांगेकडं बघितलं, कोणी ऐकत नाही ना ते. मग बोट ओळीवर ठेवलं, आणि आधी अगदी हळू वाचायला लागली, "पयल्या येचनीच्या दिसी माय वावराले जेवू घालते..." आणि तिसऱ्या ओळीला तिचा आवाज रांगेपर्यंत पोचला होता, दोन पोरं ताट हातात घेऊन वळून बघत होती, ती थांबली नाही.