पेवातली हाक

तात्यांचा आवाज जातोय हे मला आधी कागदावरून कळलं. कानांना पत्ताच लागला नव्हता.

2003 सालचा पावसाळा होता. सांगली आकाशवाणीवर मी हंगामी निवेदक म्हणून महिन्यातून सहा दिवस लागत होते आणि उरलेल्या दिवसांत तात्यांच्या गोष्टींच्या संहिता स्वच्छ लिहून देत होते. दर बुधवारी रात्री त्यांची गोष्ट लागायची. सावळजला आमच्या घरी ती वेळ ठरलेली. आई भाकरी थापत असायची, ट्रान्झिस्टर जात्याच्या पाळीवर ठेवलेला, आणि गोष्ट रंगात आली की तिचा हात थांबायचा. तव्यावरची भाकरी करपली की आम्ही समजायचो, आज तात्यांनी कुणाला तरी मारलं.

तात्यांची वाक्यं लांब असत. पाच-पाच ओळी चालायची त्यांची एखादी ओळ. बैलगाडी हरिपूरच्या रस्त्याला लागावी, चिंचा मागं पडाव्यात, देवळाचा कळस दिसावा, आणि मग कुठं पूर्णविराम. त्या पावसाळ्यात मात्र मी लिहून काढत होते त्या संहितेत मध्येच लाल शाईचे पूर्णविराम पडायला लागले. एका वाक्याची तीन वाक्यं. मला वाटलं, तात्या शैली बदलतायत.

मग धनगराची गोष्ट आली. ती मला तोंडपाठ होती. पूर आलेल्या कृष्णेच्या या काठावरून धनगर पलीकडच्या नावाड्याला हाक मारतो, आणि लहानपणी त्या हाकेनं माझ्या अंगावर काटा यायचा. नव्या संहितेत वाक्य होतं, ‘त्यानं नावाड्याला हात केला.’

मी ट्रंकेतली जुनी संहिता काढली. पिवळी पडलेली, कडांना वाळवी लागलेली. तिथं ‘हाक मारली’ असंच होतं. मग मी एकेक जुनी संहिता नव्याशी ताडून बघत गेले. बाजारातला भांडणारा हमाल आता नुसता डोळे वटारत होता. आरोळी देणारा रामोशी काठी आपटत होता. तात्यांच्या गोष्टींतली माणसं एकेक करून गप्प होत होती.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “तात्या, हा धनगर पूर्वी हाक मारायचा.”

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, “तुला दिसलं व्हय.” बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “उद्या मिरजंला चल माझ्यासंगं. एकट्याला जायाचं धाडस व्हईना.”

मिरजेच्या डॉक्टरांनी आरशानं घसा बघितला. गाठ नव्हती, दुसरं काही वाईटही नव्हतं. वयानं स्वरतंतू बारीक झाले होते. बोलताना ते पुरते मिटत नव्हते, मधल्या फटीतून हवा निसटत होती. म्हणून दम लवकर संपत होता, म्हणून पूर्णविराम. व्यायाम सांगितले, पाणी भरपूर प्यायला सांगितलं. पण आवाज पूर्वीसारखा होईल असं डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि तात्यांनी विचारलंही नाही. परतताना एसटीत ते खिडकीतून उसाकडं बघत बसले होते. विश्रामबाग आल्यावर एवढंच म्हणाले, “सोमवारपासनं लवकर येत जा.”

मला वाटलं, सोमवारपासून गोष्ट वाचायला देतील. दिला तो कोऱ्या कागदांचा गठ्ठा. पानं उलटायची. टाचणी नाही, कागदाच्या एकाच बाजूला लिहिलेलं, आणि वाचून झालेलं पान उचलून बाजूला सरकवायचं असं, की माइकला त्याची कुणकुणही लागू नये. आठवडाभर मी कोरे कागद सरकवत होते आणि तात्या काचेपलीकडं कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसले होते. मध्येच बोट वर करायचे. म्हणजे ऐकू आलं.

मग माइकसमोर बसणं आलं. तोंडापासून एक वीत अंतर, आणि थोडं तिरपं, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा वारा सरळ माइकवर आदळत नाही. मग आल्या मध्यम लहरी. हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. आमचं केंद्र तेव्हा 1251 किलोहर्ट्झवर लागायचं, आणि मध्यम लहरीवर आवाजाचा वरचा भाग छाटला जातो. स्टुडिओत स्वच्छ ऐकू येणारा ‘स’ सावळजच्या ट्रान्झिस्टरवर पोचेपर्यंत अर्धा मेलेला असतो. “साप म्हन,” तात्या म्हणायचे. मी म्हणायचे. “आता तुझ्या आईला ताप ऐकू आला. ‘आ’वर उभी ऱ्हा जरा. मागचा फणा काढला का न्हाई, त्यावर तिला साप कळंल.” म्हणून त्यांच्या गोष्टीत कुठलाही महत्त्वाचा शब्द एकटा यायचा नाही. त्याला ओळखणारा दुसरा शब्द शेजारी बसवलेला असायचा. इतकी वर्षं मी आणि माझ्यासारखे कितीतरी जण जे सहज कानात घेत होतो, त्याच्यामागं एवढी मोजणी होती.

2004च्या जानेवारीत मी पहिली गोष्ट वाचली. छान झाली असं मला वाटलं. गुरुवारी आईचा शेजाऱ्यांकडून फोन आला. “गोष्ट चांगली हुती,” ती म्हणाली, “पर तात्यांची सर्दी कवा बरी हुनार?”

मला रडू आलं. आईनं मला ओळखलंच नव्हतं. लहानपणापासून जो आवाज ऐकत वाढले, तोच मी काढला होता, वाक्याच्या शेवटी त्यांचा तो खर्जात उतरणारा घोगरेपणासुद्धा. तात्यांना सांगितलं तेव्हा ते चिडले. मी त्यांना चिडलेलं तेव्हा एकदाच बघितलं. “माझा आवाज माझ्याबरूबर जाऊ दे,” ते म्हणाले. “तू कशाला त्याचं मढं वागवतीस?”

त्याच रविवारी ते मला हरिपूरला घेऊन गेले.

हरिपूरच्या पेवांबद्दल मी ऐकलं होतं, आत डोकावले नव्हते. जमिनीत खणलेलं वीसेक फूट खोल पेव, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि खाली रांजणासारखं पोट. आत शेणी, पाचट आणि चटया लावून हळद ओतायचे, वर फरशी ठेवून मातीनं लिंपायचे. हवा नाही म्हणून कीड नाही. वर्षानुवर्षं हळद तशीच राहायची. तात्यांचे वडील या पेवांवर हमाल होते.

एक पेव सकाळीच उघडून ठेवलं होतं. एक म्हातारा हमाल दोरीला कंदील बांधून हळूहळू खाली सोडत होता. कंदील पेटता राहिला तर माणूस उतरतो. विझला तर थांबायचं. आम्ही तिघं वाकून ती ज्योत बघत होतो. ती बारीक झाली, निळसर झाली, पण राहिली.

“आता बोल आत,” तात्या म्हणाले.

“काय बोलू?”

“तुझ्या आईला हाक मार.”

मी ओरडले. आवाज पेवाच्या तोंडाशीच फुटला आणि माझ्याच तोंडावर आला. तात्यांनी मान हलवली. “हाक फेकायची न्हाई. सोडायची. कंदील सोडला तशी. दोरी हातात ठेवून.”

पाच-सहा वेळा झाल्यावर एकदा हाक खाली गेली. खरंच गेली. मला ती उतरताना कळली, आणि तळाशी टेकून परत वर आली तेव्हा ती माझ्या आवाजात होती. त्यात तात्या नव्हते. थोडा चिरका, तासगावकडचा, नाकात जरासा अडकणारा माझा आवाज. शेजारच्या भरलेल्या पेवात तीच हाक मारली, तर ती जिथल्या तिथं मुरली. “आमचा बा हाक मारूनच सांगायचा, माल कितीपतूर हाय,” तात्या म्हणाले. तेवढं बोलतानाही ते दोनदा थांबले.

त्यानंतर आवाज झपाट्यानं ओसरला. आधी दुपारचं ध्वनिमुद्रण सकाळी नऊवर आलं, कारण दहानंतर आवाज राहत नसे. मग पंधरा मिनिटांची गोष्ट दोन दिवसांत होऊ लागली. मग अर्धी ते वाचत, अर्धी मी. ऐकणाऱ्यांच्या पत्रांत ‘ती मुलगी’ असा माझा उल्लेख यायला लागला. दिवाळीनंतर ते वाचेनासे झाले, पण रोज यायचे. खिशात पाटी आणि खडूचा तुकडा. फोनवर कुणी विचारलं की मला सांगायला लावायचे, “तात्या बरे आहेत, ऐकतायत.”

2005च्या जुलैअखेर पूर आला. सांगलीत पाणी शिरलं, हरिपूरला पेवांत शिरलं. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो तेव्हा रस्त्याला कुजलेल्या हळदीचा वास होता. पेवांची तोंडं खचली होती, काहींच्या जागी नुसते चिखलाचे खड्डे. कंदील सोडणारा म्हातारा एका दगडावर बसला होता. तात्या त्याच्याशेजारी जाऊन बसले. दोघंही काही बोलले नाहीत. एकाला बोलता येत नव्हतं, दुसऱ्याला बोलायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक संहिता ठेवली. वर तारीख, 1971. ‘पेव’ असं नाव. ही गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली होती, पुन्हा कधीच नाही. कंदील न सोडता घाईनं पेवात उतरलेला एक हमाल, आणि वर तोंडाशी उभा असलेला त्याचा नऊ वर्षांचा पोरगा. त्यात पाच ओळींचं एक वाक्य होतं, एकही पूर्णविराम नसलेलं, आणि त्याच्या शेवटी पोराची हाक होती. त्या हाकेवर नंतर कधीतरी लाल शाईची रेघ मारलेली होती. रेघेवर आज नव्यानं, थरथरत्या हातानं लिहिलं होतं: ‘ठेव.’

पोराचं नाव गोष्टीत नव्हतं. मी विचारलं नाही.

स्टुडिओत तेव्हा स्पूलच्या फिती जाऊन संगणक आला होता. तात्या काचेपलीकडं बसले, हेडफोन लावला. लाल दिवा लागला. मी वाचत गेले. त्या वाक्याशी आले तेव्हा काचेतून दिसलं, त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. माझा दम पुरला. मी हाक सोडली, ‘आबाऽऽ ओऽऽ’, आणि पुढचं वाक्य वाचलं: ‘हाक खाली गेली आणि नुसती हाकच परत आली.’

गोष्ट संपली. दिवा गेला. तंत्रज्ञानं अंगठा वर केला. तात्यांनी डोळे पुसले, पाटी काढली, बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि ती काचेला लावली.

‘ओ लवकर सोडलास. पोरगं अजून वाट बघतंय. परत घे.’

मी पानं पुन्हा लावली, आवाज न करता. पाण्याचा घोट घेतला. लाल दिवा लागला.