चारधाम सहल (बुकिंग क्र. ४१७२) : तारीख बदलणे किंवा पैसे परत मिळण्याबाबत

माननीय व्यवस्थापक,
सप्रेम नमस्कार.

२४ मे २०२६ रोजी पुण्याहून निघणाऱ्या चारधाम सहलीत आमच्या चार जागा आहेत. बुकिंग ‘देशपांडे’ नावाने असून आगाऊ रक्कम ₹८०,००० मी १२ फेब्रुवारीला भरली आहे.

माझ्या आईला न्यूमोनिया झाल्याने गेल्या आठवड्यात रुग्णालयात दाखल करावे लागले. केदारनाथ साडेतीन हजार मीटरहून उंच आहे. सध्या तिला तिकडे नेऊ नका, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. ही यात्रा तिच्यासाठीच ठरवली होती, त्यामुळे तिला मागे ठेवून जाण्याचा प्रश्नच येत नाही.

केदारनाथाचे दरवाजे भाऊबीजेपर्यंत उघडे असतात. म्हणून ऑक्टोबरच्या सहलीत चारही जागा मिळाल्यास उत्तम. दरातला फरक भरू.

ते शक्य नसेल तर पैसे परत करावेत. विमान तिकिटांची रद्द करण्याची रक्कम जरूर कापा, पण हॉटेल व बसचा हिशेब वेगळा दाखवावा. डॉक्टरांचे प्रमाणपत्र व पावती सोबत जोडली आहे.

हॉटेलांना वेळेत कळवता यावे म्हणून शुक्रवारपर्यंत उत्तर द्यावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
सौ. देशपांडे, कोथरूड