छायाचित्राबाबत खुलासा

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात १९ वर्षे काढलेल्या विनायकरावांना मोठ्या आवाजात बोलताना कोणी ऐकले नव्हते. नकलेसाठी आलेला माणूस खिडकीशी कितीही तावातावाने बोलला, तरी ते अर्जावरचा गट क्रमांक पुन्हा एकदा वाचत, ‘बसा, बघतो’ एवढेच म्हणत आणि रॅकच्या मागे नाहीसे होत. तिथे, लाल कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांमध्ये, त्यांना बरे वाटे. गठ्ठे वाढदिवस साजरे करीत नाहीत आणि ‘फोटोत या की’ म्हणून दंडाला धरून पुढे ओढीत नाहीत.

कार्यालयाच्या ‘महसूल परिवार’ या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ४७ जण होते आणि त्यात विनायकरावांनी चार वर्षांत एकच मजकूर लिहिला होता : ‘आभारी आहे.’ तो त्यांच्या वाढदिवसाचा होता आणि विचार करता करता दुसऱ्या दिवशी दुपारी गेला होता.

ऑगस्टमधल्या दुसऱ्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता त्यांनी सवयीने ग्रुप उघडला आणि त्यांना त्यात स्वतःचा चेहरा दिसला. हातात कोमेजलेला गुलाब, तोंड किंचित उघडे, भुवया वर चढलेल्या आणि डोळे आभाळाकडे लागलेले. वर जाड पांढऱ्या अक्षरांत लिहिले होते : ‘शुक्रवार, सायंकाळी ६.१०. साहेब म्हणतात, माहिती आजच पाठवा.’ आणि खाली : ‘निरंक असल्यास तसेही कळवा.’

पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून कार्यालय सव्वासहाला सुटते, त्यामुळे सहा दहा ही वेळ नेमकी कशासाठी निवडली आहे, हे सत्तेचाळीसही जणांना कळत होते. खाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांगच लागली होती. अव्वल कारकून मॅडमनी ‘अगदी माझ्या मनातले’ असे लिहिले होते. पुरवठा शाखेतल्या कोणीतरी तेवढ्यात त्या चेहऱ्याचे स्टिकरही करून टाकले होते आणि एका तलाठ्याने ते ई-पीक पाहणीच्या तातडीच्या सूचनेखाली चिकटवले होते.

विनायकरावांनी डब्याचे झाकण पुन्हा लावले.

ग्रुपमधून बाहेर पडावे, असे त्यांना पहिल्यांदा वाटले. पण माणूस बाहेर पडला की ॲडमिनला लगेच कळते आणि मग उरलेले लोक त्याच्याविषयीच बोलतात. काही लिहायला घ्यावे, तर ‘टाइप करत आहे’ असे सगळ्यांना दिसते. मग त्यांनी सवयीने त्या चित्राचे वर्गीकरण करून पाहिले. ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा जपायचा, ‘ब’ वर्गाचा ३० वर्षे, ‘ड’ वर्गाचा वर्षभरात नष्ट करायचा. त्यांच्या मते हे चित्र निःसंशय ‘ड’ वर्गाचे होते. परंतु एकाच दुपारी ते किती जणांच्या मोबाईलमध्ये उतरले, याची नोंद कोणत्या नोंदवहीत असणार?

छायाचित्र कोठले, हे त्यांनी लगेच ओळखले. १ ऑगस्टच्या महसूल दिनाचे. सभागृहातली गर्दी टाळावी म्हणून ते शेवटच्या रांगेत, अभिलेख कक्षाच्या उघड्या दाराशी बसले होते. समोर तहसीलदार साहेब शून्य प्रलंबिततेवर बोलत होते. बाहेर पाऊस कोसळत होता, आणि भाषण ऐन रंगात आले असताना विनायकरावांच्या कानाने दुसराच एक आवाज टिपला होता. त्यांनी वर पाहिले. कक्षाच्या छतावरचा ओलाव्याचा डाग, जो जूनमध्ये हाताच्या पंजाएवढा होता, तो आता पसरून तिसऱ्या रॅकवर आला होता आणि त्यातून पहिला थेंब सुटत होता. त्या रॅकवर ‘अ’ वर्गाचे गठ्ठे होते, जुने फेरफार, काही मोडीतले. नेमक्या त्याच क्षणी सुयशने, त्या नव्या महसूल सहाय्यकाने, फोटो काढला होता.

चेहरा हताश होता, हे खरे. कारण मात्र शुक्रवार नव्हते.

गळतीबद्दल त्यांनी तीन टिपण्या सादर केल्या होत्या. पहिलीवर ‘पाहिले’ असा शेरा आला, दुसरी अंदाजपत्रकाच्या फायलीला जोडली गेली, आणि तिसरी कोठे आहे हे विचारायला साहेबांच्या दालनापर्यंत जाऊन ते दोनदा दारातूनच परतले होते. समारंभ संपल्यावर त्यांनी आणि गणपतमामा शिपायांनी मिळून गठ्ठे हलवले, रॅकवर प्लास्टिक टाकले आणि खाली बादली ठेवली.

तीन वाजता सुयश खिडकीशी आला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

“भाऊसाहेब, तुम्हाला राग आला का? तुम्ही म्हणत असाल तर काढून टाकतो.”

“नको,” विनायकराव म्हणाले. मग बराच वेळ थांबून त्यांनी विचारले, “तो फोटो मूळचा, न कापलेला, आहे का तुमच्याकडे?”

मूळ छायाचित्रात दार होते, दारापलीकडचा रॅक होता आणि वरच्या कोपऱ्यात छताचा तो काळपट पट्टा स्पष्ट दिसत होता. विनायकरावांनी चष्मा पुसला. पुढची चाळीस मिनिटे ‘विनायकराव टाइप करत आहेत’ ही ओळ ग्रुपमध्ये उगवत होती आणि मावळत होती. सव्वाचार वाजता अव्वल कारकून मॅडमनी कामही थांबवले, असे गणपतमामा नंतर सांगत असत. मामांना वाढवून सांगायची सवय आहे, पण एवढे खरे की छायाचित्रासह मजकूर आला, तेव्हा तो एका मिनिटात बहुतेकांनी वाचला होता.

‘विषय : आज प्रसारित झालेल्या माझ्या छायाचित्राबाबत खुलासा.

संदर्भ : अभिलेख कक्षाच्या छतगळतीबाबतच्या टिपण्या, दिनांक १४ जून, २ जुलै व २१ जुलै.

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदर छायाचित्रात मी माहिती पाठवण्यास नाखूश नसून छताकडे पाहत आहे. मूळ छायाचित्र सोबत जोडले आहे. डाग तिसऱ्या रॅकपर्यंत आलेला असून आजअखेर बादली दिवसातून चार वेळा रिकामी करावी लागते. चेहऱ्याबाबत माझी हरकत नाही. छताबाबत आहे.

माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर.’

बराच वेळ कोणी काही लिहिले नाही. विनायकरावांनी मोबाईल टेबलाच्या खणात टाकला, खणाला कुलूप लावले आणि ते रॅकच्या मागे जाऊन बसले. ग्रुपमध्ये साहेबही आहेत, हे त्यांना तिथे बसल्यावर आठवले.

सोमवारी दहा वाजता तहसीलदार साहेब स्वतः अभिलेख कक्षात आले. मागे नायब तहसीलदार, अव्वल कारकून मॅडम, सुयश आणि बांधकाम उपविभागाचा एक अभियंता होता. पाऊस पहाटेपासून लागलेला होता. विनायकरावांनी काही न बोलता बोटाने वर दाखवले. साहेब तिसऱ्या रॅकशी थांबले आणि त्यांनी मान वर केली. डाग आता चौथ्या रॅकवर पोचला होता. साहेबांच्या भुवया हळूहळू वर चढल्या, तोंड किंचित उघडले आणि डोळे तसेच वर लागून राहिले.

मॅडमनी पदर तोंडाला लावला. सुयशचा हात नकळत खिशातल्या मोबाईलकडे गेला. विनायकरावांनी त्याच्याकडे पाहून हलकेच मान हलवली आणि भरलेली बादली उचलून ते दाराकडे निघाले.